दोन टक्क्यांमागचा छत्तीसचा आकडा

होलसेलरची ‘सीडी’ सोडून दिली की आपण नकळत कर्ज घेतो. त्या कर्जाचा वर्षाचा व्याजदर किती? साध्या कॅल्क्युलेटरवर काढता येणारा हा हिशेब, घरी दुकान असणाऱ्यांसाठी आणि नसणाऱ्यांसाठीही.

एक सोपा प्रश्न. खालीलपैकी सगळ्यात महाग काय? बँकेचं बारा टक्क्यांचं कर्ज, ओळखीच्या माणसाकडून तीन टक्क्यांनी उचललेले पैसे, की होलसेलरनं देऊ केलेली आणि दुकानदारानं न घेतलेली दोन टक्क्यांची सूट?

बहुतेक जण पटकन ‘बँक’ म्हणतील, कारण बारा हा आकडा मोठा दिसतो. थोडं थांबून विचार करणारे ‘तीन टक्के’ म्हणतील, कारण गावाकडचे तीन टक्के महिन्याचे असतात, वर्षाचे नाहीत, हे त्यांना माहीत असतं. तिसऱ्या पर्यायाकडे मात्र कुणाचं फारसं लक्ष जात नाही. सूट घेतली नाही म्हणजे फायदा हुकला, एवढंच आपण धरतो. त्यात कसलं आलंय व्याज?

गंमत अशी की तिन्ही आकड्यांना ‘टक्के’च म्हणतात, पण प्रत्येकाचं घड्याळ वेगळं आहे. बँकेचे बारा टक्के वर्षाचे, ओळखीच्या माणसाचे तीन टक्के महिन्याचे, आणि होलसेलरचे दोन टक्के बऱ्याचदा फक्त वीस दिवसांचे. तिन्ही एकाच घड्याळावर आणले की उत्तर बदलतं.

बिलावरची ती एक ओळ

धाराशिवच्या बाजारपेठेतल्या दुकानांत येणारा बराचसा माल सोलापूर, लातूर, बार्शी अशा मोठ्या बाजारांतून येतो. तो नेहमी रोखीनं येत नाही. माल आधी येतो, पैसे मागाहून जातात. अशा व्यवहारात होलसेलर किंवा कारखानदार कधी बिलावर लिहून, तर कधी फोनवर सांगून एक अट घालतो: ‘दहा दिवसांत पेमेंट केलं तर दोन टक्के सीडी, नाहीतर तीस दिवसांत पूर्ण रक्कम.’ सीडी म्हणजे कॅश डिस्काउंट. कॉमर्सवाल्यांनी अकरावीत ‘रोख सूट’ या नावानं ती वाचलेली असते आणि जर्नल नोंद घालून सोडून दिलेली असते.

पुढचा हिशेब समजायला आपण एक दुकान कल्पनेत उभं करू. धाराशिवमधलं कापडाचं छोटं दुकान. चालवतात ते काका. लग्नसराईच्या तोंडावर त्यांनी सोलापूरहून चादरी आणि टॉवेल मागवले. बिल झालं एक लाख रुपयांचं. अट वर सांगितली तीच. दहा दिवसांच्या आत दिले तर ९८,००० रुपये, नाहीतर तिसाव्या दिवशी १,००,००० रुपये.

काका काय करतील? ‘दोन टक्क्यांसाठी कशाला ओढाताण करायची? पैसे गल्ल्यात राहू द्या, महिन्यानं देऊ,’ असं म्हणतील. ऐकायला हे बरोबर वाटतं. आता याच निर्णयाकडे होलसेलरच्या बाजूनं बघा. रोखीचा ग्राहक असता तर त्यानं हा माल ९८,००० रुपयांना दिलाच असता. म्हणजे मालाची खरी किंमत ९८,००० आहे. वरचे २,००० रुपये चादरींचे नाहीत, टॉवेलचेही नाहीत. ते वीस दिवस थांबण्याचे आहेत. दहाव्या दिवशी द्यायचे पैसे काकांनी तिसाव्या दिवशी दिले, याचा सरळ अर्थ असा की होलसेलरनं त्यांना ९८,००० रुपये वीस दिवसांसाठी उसने दिले आणि त्याबद्दल २,००० रुपये घेतले. कागद नाही, सही नाही, जामीनदार नाही, पण कर्ज आहेच.

पहिल्या दहा दिवसांचं काय? ते फुकट आहेत. पहिल्या दिवशी पैसे दिले काय आणि दहाव्या दिवशी दिले काय, सूट तेवढीच मिळते. म्हणून मोजायचे दिवस तीस नाहीत, वीस आहेत. हिशेबात पहिली गडबड होते ती इथेच.

कॅल्क्युलेटर काढा

आता दर काढू. दोन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी: वीस दिवसांचं व्याज किती टक्के? व्याज २,००० रुपये, उसनी रक्कम ९८,००० रुपये. भागाकार केला की २.०४ टक्के येतात. इथे १,००,००० नं का भागायचं नाही? कारण काकांनी वापरली ती रक्कम ९८,००० आहे. व्याज नेहमी वापरलेल्या मुद्दलावर मोजतात, परत केलेल्या एकूण रकमेवर नाही.

दुसरी पायरी: वीस दिवसांचं व्याज वर्षावर न्यायचं. वर्षात ३६५ दिवस, म्हणजे वीस दिवसांचे सव्वाअठरा तुकडे. २.०४ ला १८.२५ नं गुणलं की येतात ३७.२ टक्के.

एका दमात मोबाइलवर टाकायचं असेल तर असं:

२ ÷ ९८ × ३६५ ÷ २० × १००

आकडे बदलले तरी साचा तोच. सूट भागिले सूट वजा जाता उरलेली रक्कम, गुणिले ३६५, भागिले जास्तीचे दिवस, गुणिले १००.

दुकानात उभ्या उभ्या करायचा असेल तर याहून सोपा रस्ता आपल्याच बोलीत आहे. आपल्याकडे व्याज ‘शेकडा’ बोलतात. ‘शेकडा दोन रुपये’ म्हणजे शंभराला महिन्याला दोन रुपये. वीस दिवसांना दोन रुपये, तर तीस दिवसांना किती? तीन. म्हणजे सीडी सोडणं हे शेकडा तीन रुपयांनी पैसे उचलण्यासारखं झालं. बारा महिन्यांचे छत्तीस. कॅल्क्युलेटर ३७ म्हणतो, तोंडी हिशेब ३६ म्हणतो. निर्णय घ्यायला एवढा फरक चालतो.

म्हणजे सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे: न घेतलेली सूट आणि तीन टक्क्यांचे हातउसने पैसे जवळपास बरोबरीत आहेत, सूट थोडी जास्तच महाग. बारा टक्क्यांची बँक तिन्हीत सगळ्यात स्वस्त. ‘शेकडा तीननं पैसे घेणार का?’ असं कुणी विचारलं, तर काका दोनदा विचार करतील. ‘सीडी सोडणार का?’ असं विचारलं तर एकदाही करणार नाहीत. प्रश्न मात्र एकच आहे.

पण काका तर वर्षभर कर्ज घेत नाहीत

इथे एक रास्त शंका येते. काकांनी फक्त २,००० रुपये जास्त दिले. मग ३७ टक्के आले कुठून? लाखाचे ३७ हजार तर कुणी दिले नाहीत!

शंका बरोबर आहे. एकाच बिलाची सूट सोडली तर तोटा २,००० रुपयांचाच असतो. वर्षाचा दर काढायचा तो दुसऱ्या कर्जाशी तुलना करता यावी म्हणून. पण समजा काका दर महिन्याला असंच एक बिल घेतात आणि दर महिन्याला सूट सोडतात. वर्षाला बारा वेळा २,००० म्हणजे २४,००० रुपये गेले. त्या बदल्यात त्यांना काय मिळालं? दर महिन्याला वीस दिवस, म्हणजे वर्षातून २४० दिवस, ९८,००० रुपये वापरायला मिळाले. उरलेले १२५ दिवस काहीच नाही. सरासरी काढली तर वर्षभर सुमारे ६४,४०० रुपये वापरल्यासारखं झालं. आता २४,००० ला ६४,४०० नं भागा. पुन्हा ३७ टक्केच येतात. म्हणजे हा कागदावर फुगवलेला आकडा नाही. तो दर महिन्याला थोडा थोडा खिशातून जातो, म्हणून दिसत नाही.

कर्ज काढून सूट घ्यायची?

दर कळला, पण काकांच्या गल्ल्यात दहाव्या दिवशी ९८,००० रुपये नसतील तर? तेव्हा खरा प्रश्न येतो: कुठून तरी पैसे उचलून सूट घ्यावी का?

काकांचं बँकेत कॅश क्रेडिट, म्हणजे बाजारात ज्याला ‘सीसी’ म्हणतात ते खातं आहे आणि त्यावर बारा टक्के व्याज आहे असं धरू. सीसीवर जेवढी रक्कम जितके दिवस वापरली, तेवढ्याचंच व्याज लागतं. ९८,००० रुपये वीस दिवस वापरले तर व्याज होतं सुमारे ६४४ रुपये. सूट २,००० ची. हातात राहिले १,३५६ रुपये. त्यासाठी एक जास्तीची चादरही विकावी लागली नाही.

आता सीसी नाही असं धरू. ओळखीतून शेकडा तीन रुपयांनी पैसे मिळतात. वीस दिवसांचं व्याज १,९६० रुपये. सूट २,०००. उरले चाळीस रुपये, आणि डोक्यावर एक नवा घेणेकरी. असा व्यवहार न केलेला बरा. शेकडा पाचनं पैसे मिळत असतील तर व्याजच ३,२६७ रुपये होतं, म्हणजे सूट घेऊन उलट १,२६७ रुपयांचा खड्डा.

म्हणून ‘सूट कधीच सोडू नये’ हे वाक्य जेवढं चूक, तेवढंच ‘दोन टक्क्यांत काय ठेवलंय’ हेही चूक. आपल्याला पैसे ज्या दरानं मिळतात तो दर, आणि सीडीमागे लपलेला दर, हे दोन्ही शेजारी ठेवायचे. जो कमी, त्याच्याकडून घ्यायचे.

मुदत कर्ज आणि सीसी यांत मात्र गल्लत करू नका. हप्त्यांनी फेडायचं कर्ज वीस दिवसांसाठी मिळत नाही. त्याचं व्याज वर्षानुवर्षं चालतं. वीस दिवसांची गरज भागवायला वीस दिवसांतच मिटणारा पैसा लागतो, आणि त्या कामाला सीसी किंवा ओव्हरड्राफ्टची मर्यादा उपयोगी पडते. मुद्रा योजनेतही खेळत्या भांडवलासाठी अशी मर्यादा मिळू शकते. ज्या दुकानाला ती नाही, त्याच्यासाठी हा सगळा हिशेब कठीण होतो, आणि लहान दुकानदार बहुतेक वेळा नेमका तिथेच अडतो.

कागदावरचे तीस दिवस आणि खरे दिवस

आतापर्यंत आपण धरून चाललो की सूट सोडली तर काका तिसाव्या दिवशी पैसे देतात. प्रत्यक्षात काय होतं, हे ज्यांच्या घरी दुकान आहे त्यांना माहीत आहे. आपला जिल्हा पावसावरच्या शेतीचा. गिऱ्हाइकाची उधारी सोयाबीन विकल्यावर मिटते. गिऱ्हाईक थांबायला लावतं, म्हणून काका होलसेलरला थांबायला लावतात. जुनी पार्टी असेल तर होलसेलरही चालवून घेतो.

इथे हिशेब पूर्ण फिरतो, कारण २,००० रुपयांचा दंड तोच राहतो आणि वापरायला मिळणारे दिवस वाढतात. पैसे प्रत्यक्ष कोणत्या दिवशी दिले, त्यावर दर असा बदलतो:

तिसाव्या दिवशी दिले तर वर्षाला ३७ टक्के.
पंचेचाळिसाव्या दिवशी दिले तर २१ टक्के.
साठाव्या दिवशी दिले तर १५ टक्के.
नव्वदाव्या दिवशी दिले तर ९ टक्के.

नव्वदाव्या दिवशी देणाऱ्या काकांसाठी ही उधारी बँकेच्या बारा टक्क्यांपेक्षाही स्वस्त आहे. बारा टक्क्यांची सीसी आणि दोन टक्क्यांची सीडी कुठे बरोबरीत येतात? जास्तीचे साधारण बासष्ट दिवस मिळाले की, म्हणजे बिलाच्या बहात्तराव्या दिवशी. त्याआधी पैसे द्यावे लागणार असतील तर सीसीतून उचलून सूट घेतलेली बरी. त्यानंतरही कुणी काही म्हणणार नसेल, तर सीडी सोडणंच स्वस्त.

उलट टोकही बघा. काकांची दहाव्या दिवसाची तारीख हुकली आणि वाईट वाटून त्यांनी पंधराव्या दिवशी पूर्ण एक लाख पाठवले. फक्त पाच दिवसांसाठी २,००० रुपये गेले. वर्षाचा दर १४९ टक्के! सगळ्यात महाग उधारी हीच, आणि ती आळशी दुकानदार घेत नाही, घाबरट पण प्रामाणिक दुकानदार घेतो. म्हणून तारखा दोनच ध्यानात ठेवायच्या: सूट घ्यायची असेल तर दहावा दिवस, नसेल तर शेवटचा. अकराव्यापासून एकोणतिसाव्यापर्यंत पैसे देण्यात काकांचा हिशेबानं तरी काही फायदा नाही.

मग सगळ्यांनीच नव्वद दिवस लावावेत का? इथे कायदा आडवा येतो. माल बनवणारा पुरवठादार ‘उद्यम’ नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या पलीकडे पैसे थकवता येत नाहीत. करारच नसेल तर मुदत पंधरा दिवसांची. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दर महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज लागू होतं. शिवाय २०२३ मधल्या दुरुस्तीनंतर असे थकवलेले पैसे प्रत्यक्ष दिल्याशिवाय आयकराच्या हिशेबात खर्च म्हणून धरता येत नाहीत. अंदाजित नफ्यावर कर भरणाऱ्या छोट्या दुकानदाराला ही आयकराची अडचण सहसा येत नाही, पण हिशेबाची पुस्तकं ठेवणाऱ्याला येते. सोलापुरात टॉवेल विणणारा छोटा कारखानदार या संरक्षणात बसतो. नुसती खरेदी-विक्री करणारा होलसेल व्यापारी बसत नाही. म्हणून बिल कुणाचं आहे हे बघावं लागतं.

आणि कायद्याच्या आधी बाजार असतो. पैसे लांबवणाऱ्या पार्टीला पुढच्या हंगामात चांगला माल शेवटी मिळतो, किंवा ‘तुम्हाला रोखीनंच’ असं ऐकावं लागतं. ही किंमत कॅल्क्युलेटरवर येत नाही.

सूट खरी की भावात चढवलेली?

आणखी एक सापळा आहे, आणि तो चांगला हिशेब येणाऱ्यांनाही फसवतो. आपण काढलेले ३७ टक्के या गृहीतावर उभे आहेत की मालाचा उधारीचा बाजारभाव खरोखर एक लाख आहे. समजा दुसरा एक होलसेलर तोच माल तीस दिवसांच्या उधारीवर ९८,५०० ला देतो, सीडी वगैरे काही नाही. मग पहिल्यानं काय केलं? भाव दीड हजारानं चढवला आणि त्यातूनच सूट काढून दाखवली.

अशा वेळी तुलना ९८,००० आणि १,००,००० मध्ये करायचीच नसते. ती करायची दहाव्या दिवसाचे ९८,००० आणि तिसाव्या दिवसाचे ९८,५०० यांच्यात. फरक फक्त ५०० रुपयांचा. वर्षाचा दर उतरतो सव्वानऊ टक्क्यांवर. बारा टक्क्यांची सीसी काढून पहिल्याची सूट घेण्यापेक्षा दुसऱ्याकडून उधार घेणं काकांना स्वस्त पडेल. म्हणजे सीडीचा दर काढण्याआधी एक फोन दुसऱ्या होलसेलरला करायचा. भाव समान असेल तरच ३७ टक्के खरे.

बारीक अक्षरांतल्या गोष्टी

सूट हुकते ती बऱ्याचदा पैशांअभावी नाही, तर तारखेच्या घोळात. दहा दिवस कधीपासून? बहुतेक वेळा बिलाच्या तारखेपासून, माल दुकानात उतरल्यापासून नाही. ट्रान्सपोर्टला तीन दिवस गेले, गठ्ठे उघडून फाटका-डागाचा माल वेगळा काढायला आणखी एक दिवस गेला, की हातात सहाच दिवस उरतात. म्हणून बिल्टी आणि बिल दोन्हींवरची तारीख बघायची. दुसरा घोळ पैसे पोहोचण्याचा. दहाव्या दिवशी चेक पाठवला की खात्यात जमा झाला पाहिजे? हे आधी विचारलेलं बरं.

सूट कशावर, हाही प्रश्न आहे. कापडाच्या बिलात पाच टक्के जीएसटी धरून एकूण एक लाख झाले असतील, तर मूळ माल ९५,२३८ रुपयांचा. सीडी बऱ्याचदा या मूळ रकमेवर देतात. मग सूट २,००० ची नाही, १,९०५ ची होते आणि दर साडेपस्तीस टक्क्यांच्या आसपास येतो. फार फरक नाही, पण दोन हजार कापून पेमेंट केलं आणि होलसेलरच्या खात्यात ९५ रुपये बाकी दिसली, तर पुढचं भांडण तिथून सुरू होतं.

शेवटचं म्हणजे क्रेडिट नोट. आधी पूर्ण रकमेचं बिल आणि मग सूट असेल, तर होलसेलरनं तशी क्रेडिट नोट द्यायला हवी. त्या नोटवर जीएसटीही कमी केला असेल, तर काकांनी घेतलेलं तेवढं इनपुट क्रेडिट परत करावं लागतं. जीएसटीला हात न लावता नुसती रक्कम कमी केली असेल, तर इनपुट क्रेडिटला धक्का लागत नाही. नोट आली की नाही हे कळायला सोपा उपाय आहे. होलसेलरकडून खातेउतारा मागवायचा आणि आपल्या वहीशी ताडून बघायचा. फोनवर कबूल केलेली सूट उताऱ्यात दिसत नसेल, तर ती मिळालेलीच नाही.

बिलाच्या तळाशी आणखी एक ओळ कधी कधी छापलेली असते: ‘मुदतीत रक्कम न दिल्यास दरसाल २४ टक्के व्याज आकारले जाईल.’ ही ओळ वाचून दुकानदार बिचकतो. पण वरच्या उदाहरणातल्या सीडीत दडलेला दर तिच्याहून मोठा आहे. फक्त तो कुठे छापलेला नसतो.

घरच्या बिलावर करून बघा

घरी दुकान नसेल तरी असं एक बिल तुमच्या घरी दर महिन्याला येतं. महावितरणचं. त्यावर भरण्याच्या दोन-तीन तारखा आणि दोन-तीन रकमा असतात. बिलाच्या तारखेपासून सात दिवसांत पैसे भरले तर कर आणि शुल्क वगळून उरलेल्या रकमेवर एक टक्का सूट मिळते. अंतिम मुदत चुकवली तर सव्वा टक्का विलंब आकार लागतो. म्हणजे आधी भरणाऱ्याला सूट आणि उशिरा भरणाऱ्याला दंड, दोन्ही एकाच कागदावर.

समजा बिल २,००० रुपयांचं आहे, त्यातली कर-शुल्क वगळून रक्कम १,७०० आणि सुटीची तारीख व शेवटची तारीख यांत चौदा दिवस आहेत. सूट १७ रुपये, भरायचे १,९८३. साच्यात टाका: १७ ÷ १९८३ × ३६५ ÷ १४ × १००. येतात साधारण २२ टक्के. तेच १,९८३ रुपये बचत खात्यात तीन टक्क्यांनी चौदा दिवस ठेवले तर व्याज मिळेल सव्वादोन रुपये. म्हणजे बिल सात दिवसांत भरण्यात फायदा आहेच.

पण तो फायदा पंधरा रुपयांचा आहे, हेही बघा. दर वाचून हुरळायचं नाही आणि रुपये विसरायचे नाहीत. सतरा रुपयांसाठी कुणाकडून पैसे उसने मागायला जाऊ नये. पण दुकानाच्या फाइलमध्ये लाखाची बारा बिलं असतील, तर प्रत्येकावर पेन्सिलनं दोन गोष्टी लिहून ठेवायला हरकत नाही: सुटीची तारीख, आणि आपण पैसे खरोखर दिले ती तारीख. दोन्हींमधले दिवस मोजले की वर्षभरात किती दरानं पैसे उचलले, ते घरातल्या घरातच कळतं.